कड्यावर ओघळलेलं टेक्स्चर: ट्रायप्लॅनर मॅपिंगबद्दल थोडं सविस्तर

आज विषय एकच आहे, प्रोसीजरल टेरेनवरचे कडे. डोंगर आपण नॉइजने बनवतो, वरून छान दिसतो, गवत बिवत सगळं नीट, आणि मग कॅमेरा खाली आणून कड्यासमोर उभा केला की खडकाचं टेक्स्चर वरून खाली ओघळल्यासारखं दिसतं, लांबच लांब उभ्या रेघा. हे ज्यांनी ज्यांनी टेरेन केलंय त्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे स्क्रीनशॉट दाखवत बसत नाही.

हे होतं का ते आधी बघू, कारण कारण कळलं की उपाय आपोआप कळतो. हाइटमॅप टेरेनला यूव्ही कुठून मिळतात? जमिनीवरच्या एक्स आणि झेडवरून. म्हणजे समजा डोंगराच्या बरोबर डोक्यावर प्रोजेक्टर टांगलाय आणि तो टेक्स्चर सरळ खाली मारतोय. सपाट जमिनीवर चित्र नीट पडतं, पण उतार वाढला की तेवढंच चित्र जास्त लांबीच्या पृष्ठभागावर पसरतं. किती जास्त, तर उताराच्या कोनाच्या कोसाइनने भागायचं. 45 अंशाला 1.4 पट, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. 60 ला दुप्पट. 80 ला पावणेसहा पट. आणि 85 ला साडेअकरा पट. म्हणजे बिघाड हळूहळू वाढत नाही, शेवटच्या दहा-पंधरा अंशांत एकदम उसळी मारतो, आणि कडे नेमके तिथेच असतात.

आकडे घेऊन बघा. 90 मीटर उंच कडा आहे, उतार 80 अंश. वरून पाहिलं तर हा कडा जमिनीवर फक्त 16 मीटर जागा घेतो. टेक्स्चर 1024 पिक्सेलचं आणि ते 4 मीटरला रिपीट होतंय. मग सपाटीवर मीटरला 256 पिक्सेल मिळतात, आणि या कड्यावर उभ्या दिशेने मीटरला जेमतेम 44. अख्ख्या 90 मीटरवर टेक्स्चर चारच वेळा येतं. आता तुम्ही 4के टेक्स्चर टाका नाहीतर 8के, आडव्या दिशेला चौपट शार्प आणि उभ्याला तसंच ओढलेलं, त्यामुळे रेघा उलट जास्त उठून दिसतात. काही जण टेरेनची जाळी बारीक करतात, त्यानेही काही होत नाही, प्रोजेक्टर वरच आहे ना अजून.

तर उपाय असा की एका प्रोजेक्टरऐवजी तीन लावायचे, एक एक्स दिशेने, एक वायने म्हणजे वरून, एक झेडने, आणि प्रत्येक पिक्सेलला विचारायचं की बाबा तुझं तोंड कुणाकडे आहे, ज्याच्याकडे जास्त त्याचं चित्र जास्त घे. तोंड कुठे आहे हे नॉर्मल सांगतो. यूव्ही लागतच नाहीत, फक्त वर्ल्ड पोझिशन आणि नॉर्मल. म्हणून मार्चिंग क्यूब्जने बनवलेल्या गुहा-कमानींना, जिथे यूव्ही काढणं म्हणजे डोकेदुखी, तिथेही हे चालतं. 2007 मध्ये आलेल्या जीपीयू जेम्स 3 च्या पहिल्याच प्रकरणात रायन गाइसने असलंच प्रोसीजरल टेरेन बनवलंय आणि टेक्स्चरिंगला ट्रायप्लॅनरच वापरलंय.

कोड एवढाच आहे, वाय वरच्या दिशेला धरून:

```hlsl
float3 w = pow(abs(n), 4.0);
w /= w.x + w.y + w.z;
float3 p = posWS / 4.0;
float4 c = tex.Sample(s, p.zy) * w.x
         + tex.Sample(s, p.xz) * w.y
         + tex.Sample(s, p.xy) * w.z;
```

ही सहा ओळींची गोष्ट आहे आणि लोक पेस्ट करून मोकळे होतात. पण मला यातल्या दोनच जागांवर वेळ घालवायचाय, एक तो 4.0 आणि दुसरं ते `zy`.

आधी 4.0. आपला 80 अंशाचा कडा, तोंड सरळ एक्सकडे. नॉर्मल साधारण (0.985, 0.174, 0). पॉवर लावलीच नाही तर वजनं काय येतात? एक्सला 85 टक्के आणि वायला 15. म्हणजे वरून मारलेलं, पावणेसहा पट ताणलेलं चित्र अजूनही 15 टक्के मिसळलेलं आहे, आणि मग लोक म्हणतात ट्रायप्लॅनर लावलं तरी हलक्या रेघा दिसतायत. दिसणारच. पॉवर 4 केली की वायचा वाटा एक दशांश टक्क्यावर येतो, रेघा गेल्या. 60 अंशाच्या उतारावर 4 ने साधारण 90-10 होतं, तेही ठीक. मग पॉवर 30 का नको? कारण मग 45 अंशाच्या आसपास एक चित्र संपून दुसरं सुरू होतं ती शिवण स्पष्ट दिसते. मी 4 ते 8 मध्ये राहतो.

पण एक केस अशी आहे जिथे पॉवर कितीही वाढवली तरी काहीच होत नाही, आणि तीच सगळ्यात जास्त त्रास देते. कडा उभा आहे, पण एक्स आणि झेडच्या बरोबर मधे तोंड करून, म्हणजे ईशान्येला वगैरे. एक्स 0.707, झेड 0.707. दोन्ही सारखे, पॉवर काहीही घ्या, 50-50. असा कडा अर्धा किलोमीटर लांब असेल तर अख्खा अर्धा किलोमीटर दोन चित्रं एकावर एक, भेगा दुहेरी, आणि सगळं धुरकट. धुरकट का, तर दोन असंबंधित चित्रांची सरासरी काढली की कॉन्ट्रास्ट साधारण 70 टक्क्यांवर येतो, आणि तिन्ही सारखे असतील तर 58. दुरून तो भाग प्लास्टरसारखा दिसतो. इथे खरा उपाय म्हणजे हाइट ब्लेंड: टेक्स्चरसोबत त्याचा उंचीचा चॅनल असतोच, वजनात ती उंची मिळवायची आणि मग जो वर आलाय त्यालाच जिंकू द्यायचं. मग एका चित्रातला दगडाचा उंचवटा दिसतो आणि त्याच्या शेजारच्या खाचेतून दुसरं चित्र, सरासरी अशी कुठेच नाही. आणि तुमच्या नकाशात एकच मोठी कड्यांची रांग असेल तर त्याहून सोपं, एक्स आणि झेडचे अक्षच वायभोवती फिरवून त्या रांगेला काटकोनात आणा. फुकटात काम होतं, पण करत कुणी नाही.

आता `zy`. इंटरनेटवरच्या बऱ्याच कोडमध्ये एक्सच्या प्रोजेक्शनला `yz` असतं. वाळू, चिखल, कसलीच दिशा नसलेलं टेक्स्चर असेल तर फरक पडत नाही. पण आपल्या सह्याद्रीचा कडा डोळ्यासमोर आणा, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा म्हणा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे, लांबून सुद्धा पट्टे मोजता येतात. असलं थरांचं टेक्स्चर `yz` ने लावलं तर एक्सकडे तोंड असलेल्या कड्यांवर थर उभे दिसतात आणि झेडकडच्या कड्यांवर आडवे, डोंगर कुणीतरी अर्धा आडवा पाडल्यासारखा. `zy` केलं की दोन्ही बाजूंना टेक्स्चरची उभी दिशा म्हणजे वर्ल्डची उंचीच, आणि यातून एक फार छान गोष्ट मिळते. 120 मीटर उंचीवरचा काळा पट्टा एक्सच्या चित्रातही 120 वरच असतो आणि झेडच्या चित्रातही 120 वरच. म्हणजे मघाशी जो 50-50 चा रडका कडा होता, तिथे थरांच्या आडव्या रेघा एकमेकींवर बरोब्बर बसतात, फक्त उभ्या भेगा दुहेरी राहतात, आणि त्यांचं हाइट ब्लेंड बघून घेतं. थरांच्या खडकाला ट्रायप्लॅनर इतकं शोभतं ते यामुळेच.

याची किंमत अशी की 90 मीटरच्या कड्यावर तोच काळा पट्टा दर 4 मीटरला, बावीस वेळा. शिडी दिसते. म्हणून थरांचा रंग वेगळा काढा, उंचीवरून वाचायचा एक अरुंद उभा पट्टा, 60-70 मीटरला रिपीट होणारा, आणि 4 मीटरचं टेक्स्चर फक्त बारीक खरखरीतपणासाठी ठेवा.

हो, कोकणकड्याचं नाव घेतलं म्हणून एक सांगतो, तो मधे आत वळलेला आहे, वरची कड पुढे आणि पोट आत. हाइटमॅपमध्ये एका जागेला एकच उंची, त्यामुळे तो आकार तिथे बसतच नाही, त्याला मेश किंवा व्हॉक्सेल लागतो. शेडर मात्र तोच चालतो, कारण `abs` आहे, खाली तोंड असलेल्या छतालाही वायचं चित्र मिळतं.

नॉर्मल मॅपबद्दल. इथे चूक डोळ्यांना लगेच कळत नाही म्हणून सांगतो. तिन्ही नॉर्मल मॅप सॅम्पल करून रंगासारखे मिसळले आणि मेशच्या टँजेंटने फिरवले तर प्रकाश चुकतो, कारण तो टँजेंट वरच्या प्रोजेक्शनसाठी होता, बाजूच्या दोघांचे अक्ष वेगळे आहेत. प्रत्येक चित्राचा नॉर्मल आधी त्याच्या त्याच्या प्रोजेक्शनच्या अक्षांत वर्ल्डमध्ये न्यायचा, पृष्ठभागाच्या नॉर्मलशी जोडायचा, आणि मग वजनाने मिसळून नॉर्मलाइज करायचं. तपासायचं कसं, तर सूर्य आडवा ठेवून तो डोंगराभोवती फिरवा. एका बाजूला दगड उंच आणि विरुद्ध बाजूला तेच दगड खड्डे दिसले तर तिथे चिन्ह चुकलंय. विरुद्ध बाजूला चित्र आरशासारखं उलटतं, ते सरळ करायला यू उलटवलात तर नॉर्मलचा एक्सही उलटवा, हे निम्मे लोक विसरतात.

आणि वजनं काढताना कुठला नॉर्मल? बारीक नॉइजवाला अजिबात नको. प्रोसीजरल टेरेनवर शेवटच्या ऑक्टेव्हने नॉर्मल मीटरामीटराला डोलतो, मग वजनंही डोलतात आणि कड्यावर तिन्ही चित्रांची ठिगळं पडतात. गुळगुळीत केलेल्या हाइटमॅपचा नॉर्मल वजनांसाठी, बारीक नॉर्मल फक्त प्रकाशासाठी. शंका आली तर `w` सरळ रंग म्हणून स्क्रीनवर काढा, लाल-हिरवा-निळा. मोठे स्वच्छ पट्टे दिसले तर ठीक, मिसळ दिसली तर नॉर्मल खराब.

मागून प्रश्न आलाय की खूप मोठ्या नकाशात लांब गेल्यावर टेक्स्चर थरथरतं. हो, वर्ल्ड पोझिशन 32 बिट फ्लोटमध्ये आहे, 100 किलोमीटरवर तिची पायरी जवळपास 8 मिलिमीटरची होते, आणि आपला पिक्सेल 4 मिलिमीटरचा. ओरिजिन कॅमेऱ्याजवळ सरकवत राहा, पण सरकवताना टाइलच्या पटीत, इथे 4 मीटरच्या, नाहीतर प्रत्येक सरकवण्याला अख्ख्या डोंगराचं टेक्स्चर उडी मारेल.

खर्च शेवटी बघू. रंग, नॉर्मल, रफनेस असे तीन मॅप म्हटले तर एका लेयरला 9 सॅम्पल, चार लेयर सगळे ट्रायप्लॅनर केले तर 36, आणि मोबाईलवर तेवढं परवडत नाही. पण गवताला आणि मातीला ट्रायप्लॅनर हवंच कशाला, ते उतारावर टिकतच नाहीत. फक्त खडकाचा लेयर ट्रायप्लॅनर, बाकी साधे वरून. त्यातही वरून बघणारं खडकाचं चित्र काढून टाकता येतं, कारण उतार कमी झाला की तिथे गवत येणारच आहे, मग उरतात फक्त बाजूचे दोन. वजन शून्याजवळ असेल तर सॅम्पल वगळायला `if` टाकणार असाल तर डेरिव्हेटिव्ह आधी बाहेर काढून `SampleGrad` वापरा, नाहीतर जिथे ब्रँच बदलतो तिथे मिपची लेव्हल चुकते आणि कड्यावर एक पिक्सेल रुंदीची ठिपक्यांची रेघ उमटते.