पहाटे चारची सही

आज एक गोष्ट सांगते. गोष्टीतल्या सिस्टर मी रचलेल्या आहेत, पण त्यांच्या तक्रारी मी ओपीडीत नेहमी ऐकते.

वय बावन्न, मेडिसिन वॉर्डात नाइट. पहाटे चारला औषधांच्या चार्टवर अकरा नंबरच्या खाटेपुढे त्यांना स्वतःचीच सही दिसली, पण इंजेक्शन दिल्याचं काही केल्या आठवेना. किडनी ट्रेमध्ये रिकामं अँप्यूल सापडलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यांच्या आईला शेवटी लेकीचं नावही सांगता येत नव्हतं. मनात कुठली पाल चुकचुकली असेल, ते ओळखा.

त्या दिवसापासून प्रत्येक विसर त्यांनी खिशातल्या वहीत वेळेसकट टिपला. तीन आठवड्यांनी नाइट संपवून थेट आमच्यासारख्या एका मानसतज्ज्ञाकडे गेल्या. "आत्ताच टेस्ट घ्या."

"आज नाही, सिस्टर. आज घेतली तर जागरणाचे मार्क मिळतील. सलग चार रात्री घरी झोपा, मग या."

चार दिवसांनी 'मोका' नावाची चाचणी झाली. दहा-पंधरा मिनिटांची, ३० गुणांची. सहसा २६ आणि पुढे ठीक मानतात. त्यात पाच शब्द ऐकवतात आणि मध्ये दुसरी कामं देऊन पाचेक मिनिटांनी परत विचारतात. (शब्द सांगत नाही, उद्या तुमचीच चाचणी घ्यायची वेळ आली तर पंचाईत!) सिस्टरांना तीनच आठवले. शंभरातून सात-सात वजा करताना दोनदा चुकल्या, उलटे आकडे म्हणताना अडखळल्या. एकूण २६. अगदी काठावर.

पण मला एकूण बेरजेपेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. राहिलेल्या दोन शब्दांसाठी तज्ज्ञानं नुसता प्रकार सुचवला, आणि दोन्ही शब्द चटकन आले. म्हणजे शब्द आत साठले होते, शोधायला वेळ लागत होता. अल्झायमरमध्ये बहुधा साठवणच कच्ची राहते, त्यामुळे सुचवूनही फारसं हाती लागत नाही. अर्थात एवढ्यावर निदान होत नाही. शिकलेली माणसं सुरुवातीच्या ऱ्हासातही चांगले गुण मिळवतात.

म्हणून वही उघडली. चौदा नोंदी, त्यातल्या अकरा पहाटे तीन ते सहामधल्या, आणि बहुतेक सलग तिसऱ्या-चौथ्या नाइटच्या. सुट्टीच्या दिवशी एकही नाही. यजमानांना वेगळं विचारलं, कारण माणसाला स्वतःचा विसर नेहमी दिसतोच असं नाही. तेच पुन्हा पुन्हा विचारणं, वाट चुकणं, पैशांचा घोळ, यातलं काहीच नव्हतं. एवढंच म्हणाले, "दिवसा झोप लागावी म्हणून सर्दीची गोळी घेते." ती सुस्ती आणणारी जुनी अँटीहिस्टामिन. तिनं डोकं जड होतं, स्मरणही मंदावतं. हे सिस्टर रुग्णांना सांगत आल्या होत्या.

गोळी बंद झाली. बी-१२ आणि थायरॉइड तपासायला रक्त गेलं, नाइट सलग दोनपेक्षा जास्त नको अशी चिठ्ठी मिळाली, आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी ठरली.

दारातून सिस्टर मागे वळल्या. "पुढच्या वेळी शब्द बदला हं. हे पाच आता पाठ झालेत."

"बदलणारच. दुसरा संच असतो."