ओसरी, सोपा, माजघर: वाड्यातल्या छोट्या म्युझियमचा उजेड

[चौक. एप्रिलची दुपार, साडेबारा.]

हा चौक बघा. फरशीकडं डोळे उघडून बघवत नाही इतकं ऊन आहे. उजेड मोजायचं माप म्हणजे लक्स, आणि हा छोटा मीटर इथं उन्हात धरला की आकडा एक लाखाच्या आसपास जातो. लक्षात ठेवा हा आकडा, पुढं लागणार आहे.

मी म्युझियमच्या मांडणीचं काम करते. हा वाडा तालुक्याच्या गावातला, घराण्यानं जपलेल्या वस्तूंचं खासगी म्युझियम, खोल्या मोजून सहा. मी पहिल्यांदा आले तेव्हा तिकिटाच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, "लोकं येतात, पण पाच मिनिटांत परत चौकात दिसतात, काय बघतात देव जाणे."

म्हणून मी दोन दिवस कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. हातात वाड्याचा नकाशा, पेन्सिल, आणि प्रत्येक माणसासाठी नवीन झेरॉक्स. कुठून शिरला, कुठं थांबला, कुठून बाहेर पडला एवढंच काढायचं. एक आजोबा नातीला घेऊन आले, चौकातून चढून सोप्याच्या दारात आले आणि तिथंच थबकले. "लाइट गेलीय का हो?"

लाइट गेली नव्हती. सोप्यात घराण्याच्या सनदा आणि मोडी कागद लावलेले होते, कारण तो त्या घराचा अभिमान, तो पहिल्यांदा दिसायला हवा ना. पण कागदाला आणि कापडाला उजेड सोसत नाही, शाई उडते, रंग उतरतो, आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही. म्हणून जगभर कागद-कापडासाठी साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. इथंही ती पाळली होती, खिडक्यांना काळा कागद चिकटवून. त्यामुळं काय झालं, तर बाहेर एक लाख आणि आत पन्नास, म्हणजे एका उंबऱ्यात उजेड दोन हजार पटीनं खाली. डोळ्याला एवढं उतरायला काही मिनिटं लागतात, आणि आजोबांच्या वयाला तर जास्तच. शिवाय साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. आपल्याला अंधुक दिसतं ते त्यांना काळोख वाटतो.

माझ्या नकाशावर आजोबांची रेघ दारातून दोन पावलं आत गेली, डावीकडं वळली आणि बाजूच्या दारातून परत चौकात. का? कारण त्या दारातून ऊन दिसत होतं. बहुतेक रेघा तशाच निघाल्या.

[सोपा, खिडक्या उघडताना.]

दिव्यांचा ब्रँड बदलून हे सुटणार नव्हतं. खोल्यांचा क्रम चुकला होता. आणि उत्तर वाड्यातच होतं हे मला उशिरा दिसलं, तिसऱ्या दिवशी. वाडा बांधणाऱ्यानं बघा काय केलंय, चौकाला लागून ओसरी, ओसरीला लागून सोपा, मग आतली खोली, मग माजघर, आणि माजघराला एकही खिडकी नाही. ऊन एकेका खोलीत थोडंथोडं कमी होत जातं. उजेडाचा जिना तयार आहे, आपण फक्त वस्तू योग्य पायरीवर ठेवायच्या.

तर ओसरीत आले वीरगळ. दगडाला उजेडाची फिकीर नाही, आणि आडव्या उन्हात तर कोरीवकाम उलट उठून दिसतं. हे वीरगळ मागच्या परसात पडून होते, लाकडी ओंडक्यांवरून सरकवत आठ माणसांनी पुढं आणले. ओसरीत मीटर काही हजारांवर असतो. मग सोप्याच्या खिडक्यांचा काळा कागद काढला, जाड खादीचे पांढरे पडदे लावले, आणि तिथं पितळ-तांबं ठेवलं, समया, तपेली, अडकित्ते. तिथं तीनशेच्या आसपास. त्याच्या आतल्या खोलीत दांडपट्टा, तलवारी आणि लाकडी पेट्या. लाकडाचा रंग आणि पेट्यांवरची नक्षी सांभाळायची म्हणून दीडशे. आणि मग माजघर, तिथं सनदा, पोथ्या, पैठण्या, पन्नास. माणूस तिथं पोचेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेलेली असतात, डोळा उतरलेला असतो, आणि तेच पन्नास लक्स आता पुरतात.

घरच्यांना हे पटायला वेळ लागला, आणि त्यांचं बरोबरच होतं, सनद आत ढकलली म्हणजे घराण्याचं नाव मागं गेलं असं त्यांना वाटलं. मग आम्ही सनदेचा चांगला फोटो काढून मोठा प्रिंट सोप्याच्या पहिल्या भिंतीवर लावला. प्रिंटला कितीही उजेड द्या, उडाला तर दुसरा काढता येतो. त्याखाली एकच ओळ आहे, मूळ कागद माजघरात आहे. लोक तो शोधत आत जातात.

[माजघर. अंधार, मग हळूहळू एक पैठणी दिसते.]

आता इथं जरा थांबू. ही पैठणी बघा, पदरावरचा मोर. आधी हिच्यापुढं उभं राहिलं की मोर दिसायचा नाही, स्वतःचा पांढरा शर्ट दिसायचा आणि मागचं दार दिसायचं, कारण काच बरोबर दारासमोर होती. लोक मान तिरकी करायचे, एका बाजूला सरकायचे, मग सोडून द्यायचे. हे तपासायची सोपी युक्ती आहे. शोकेसच्या आतला दिवा बंद करा, वस्तूवर काळं कापड टाका, आणि बघणाऱ्याच्या जागी उभे राहा. काचेत आता जे काही दिसेल ते सगळं नंतर त्रास देणार आहे. आम्हाला दार दिसलं, एक ट्यूब दिसली. ट्यूब काढली, शोकेस काटकोनात फिरवली म्हणजे काचेला दार दिसेना. भिंतीवरच्या वस्तूंसाठी वरचा झोत उभ्या रेषेपासून साधारण तीस अंशांनी पाडतात. त्याहून सरळ खाली पाडला तर फ्रेमची लांब सावली चित्रावर पडते, आणि त्याहून आडवा गेला की चमक थेट डोळ्यात येते.

आणि मोरावरचा उजेड वाढवला नाही बरं का, आजूबाजूचा कमी केला. पांढऱ्या भिंतीला गडद मातीचा रंग दिला, रिकाम्या कोपऱ्यातले दिवे काढले. पन्नासच लक्स, पण आता खोलीतली सगळ्यात उजळ गोष्ट ती पैठणी आहे. लेबलं मोठ्या अक्षरात केली, फिकट कागदावर काळी, आणि छातीच्या उंचीवर आणली.

उंचीचं सांगते. म्युझियममध्ये पाय दुखतात ते चालण्यानं असं आपण धरून चालतो. 1916 साली बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन आइव्स गिलमननं एका धडधाकट, चांगल्या नजरेच्या माणसाला शोकेसमधल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न विचारले आणि उत्तर शोधताना त्याचे फोटो काढले. फोटोंत तो माणूस वाकलाय, उकिडवा बसलाय, टाचा उंचावून उभाय. थकवा या असल्या कसरतीतून येतो असं त्यानं दाखवून दिलं, आणि त्याला म्युझियम फटीग हे नाव दिलं. इथं अडकित्त्यांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण गुडघ्याच्या खाली होता. तो आम्ही रिकामाच केला. बरेचसे अडकित्ते आता पेटीत नीट गुंडाळून ठेवलेत, बाहेर सातच आहेत, आणि त्या सातांसमोर लोक थांबतात.

[नकाशा टेबलावर. पेन्सिलीच्या रेघा.]

वाट चुकायचं काय? 1930 च्या दशकात अमेरिकेत आर्थर मेल्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं म्युझियममध्ये लोकांच्या मागं फिरून नोंदी केल्या, बरेच लोक आत शिरले की उजवीकडं वळतात, आणि बाहेर जायचं दार दिसलं की ते त्यांना ओढून घेतं, उरलेल्या भिंती राहून जातात. उजवीकडं वळण्याचा नियम इथं मला दिसला नाही. दाराची ओढ मात्र अगदी तशीच दिसली, आजोबांची रेघ तेच सांगते.

आणि उजवीकडं वळण्यात आपली एक वेगळी अडचण आहे. भिंतीकडं तोंड करून बघा. उजवीकडून फिरायला लागलात तर तुम्ही भिंतीसमोर डावीकडं सरकता, म्हणजे गोष्ट शेवटाकडून वाचता. डावीकडून सुरुवात केली, देवळातल्या प्रदक्षिणेच्या दिशेनं, की मराठी जशी वाचतो तशी भिंत वाचता येते. म्हणून आम्ही प्रत्येक खोलीत पहिली उजळ वस्तू डाव्या हाताला ठेवली. बाण कुठंच नाही. चौकाकडं उघडणाऱ्या बाजूच्या दारांना गडद जाड पडदे लावले, कुलूप नाही लावलं, कारण आग लागली तर त्याच दारानं बाहेर पडायचंय.

आणि माजघराच्या टोकाला उभं राहिलं की समोरच्या दारातून, मागच्या पडवीत, हे तांब्याचं घंगाळ दिसतं, त्याच्यावर एकच पिवळसर झोत. माणूस आपोआप तिकडं निघतो. तिथं बाक आहे, पाठ टेकायला आणि उठताना धरायला हात असलेला, समोर विहीर आणि पेरूचं झाड. अंधाऱ्या खोलीनंतर बसायची जागा हवी, आणि ती डोळ्यालाही हवी. मग स्वयंपाकघर, जातं, चूल, भरपूर उजेड, आणि तिथून चौकात.

शाळेची सहल आली की हे सगळं मोडतं हे कबूल करते. साठ मुलं एका सोप्यात मावत नाहीत, निम्मी स्वयंपाकघराकडून उलटी सोडावी लागतात, म्हणून प्रत्येक लेबल एकटं वाचलं तरी समजेल असं लिहावं लागलं.

[माजघराचा उंबरा, जवळून.]

एक चूक आमचीही झाली. हा उंबरा सहा-सात इंच उंच आहे, आणि खोली अंधारी केल्यावर तो दिसेना. पहिल्याच आठवड्यात एक बाई ठेचकाळल्या, सुदैवानं लागलं नाही. आता उंबऱ्याच्या खालच्या बाजूला हा पातळ एलईडीचा पट्टा आहे, उजेड फक्त फरशीवर पडतो, कागदांकडं जात नाही.

आणि जुलैत मी मीटर घेऊन परत आले. आभाळ भरलेलं, सोपा तीनशेवरून साठ-सत्तरवर आलेला, म्हणजे जिन्याच्या मधल्या पायऱ्या गायब, दिव्यावर असलेली आतली खोली सोप्यापेक्षा उजळ. म्हणून सोप्यात दोन फोकस बसवलेत, डिमरवर. ढग आले की मावशी तिकिटाच्या टेबलावरून उठतात, मीटरकडं बघतात आणि बटण फिरवतात. आज सकाळपासून तीनदा फिरवलंय त्यांनी.