ड्युटी लिस्टमधलं अर्धं नाव

(सकाळचे पावणेआठ. मिरज. मेडिकल वॉर्डचा नर्सिंग स्टेशन. भिंतीवर चिकटवलेली ड्युटी लिस्ट.)

ही लिस्ट बघा. वरच्या ओळींत वॉर्डच्या सिस्टर्स, एम म्हणजे सकाळ, ई म्हणजे संध्याकाळ, एन म्हणजे नाईट. आणि खाली पेन्सिलनं लिहिलेली दोन नावं दिसतायत ना, ती नवीन मुलींची. पेन्सिलनं का, तर त्या ड्युटीवर आहेत पण ड्युटीत मोजलेल्या नाहीत. एवढ्या एका पेन्सिलसाठी मी मेट्रन मॅडमशी दोन महिने भांडलीये.

मी इथं नर्सिंग एज्युकेटर आहे. दरवर्षी सांगली, तासगाव, जत, कवठेमहांकाळ अशा सगळीकडून मुली येतात, कोणी जीएनएम कोणी बीएस्सी, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात, युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. कॉलेजात असताना त्यांनी एकेक दोन-दोन पेशंट घेऊन छान छान केअर प्लॅन लिहिलेले असतात. आणि आमच्या या 30 बेडच्या वॉर्डला सकाळी चार सिस्टर, म्हणजे एकेकीकडं सात-आठ पेशंट, संध्याकाळी तीन, म्हणजे दहा-दहा, आणि रात्री फक्त दोन, म्हणजे पंधरा. दोनावरून पंधरावर जायचंय. या नवीन मुलींना वॉर्डसाठी तयार करायचा आमचा तीन महिन्यांचा प्रोग्रॅम म्हणजे खरं तर तेवढाच प्रवास आहे, बाकी सगळं त्याच्या भोवती.

मी आधी जिथं नोकरी करत होते तिथं ओरिएंटेशन म्हणजे तीन दिवस होते. पहिल्या दिवशी एचआर, दुसऱ्या दिवशी आग विझवायचं नळकांडं आणि कचऱ्याच्या पिवळ्या लाल पिशव्या, तिसऱ्या दिवशी वॉर्ड, आणि चौथ्या दिवशी मला नाईट लागली. मी त्या रात्री किती वेळा बाथरूममध्ये जाऊन रडले ते सांगत नाही, डॉक्युमेंटरी लांबेल.

(वॉर्डमधला पॅसेज. दोन सिस्टर्स एकाच ट्रॉलीवर.)

तर आता रचना. पहिला आठवडा क्लासरूम आणि स्किल लॅब, हात धुण्यापासून सीपीआरपर्यंत, त्यावर जास्त बोलत नाही, ते सगळीकडं असतंच. दुसऱ्या आठवड्यापासून मुलगी वॉर्डात येते आणि तिला एक प्रिसेप्टर मिळते, म्हणजे सोबत राहून शिकवणारी वॉर्डातलीच सिस्टर. एकच. तिची ड्युटी तीच हिची ड्युटी, तिचा ऑफ तोच हिचा ऑफ. आणि पेशंट वेगळे द्यायचे नाहीत, इथं बऱ्याच ठिकाणी चुकतं. प्रिसेप्टरचे जे सात पेशंट आहेत त्यातलेच दोन नवीन मुलीनं करायचे, चौथ्या आठवड्यात चार, सहाव्यात पाच, आणि आठव्यात सगळे सात, प्रिसेप्टर शेजारी हात मोकळे ठेवून उभी. प्रिसेप्टरला सात आणि नवीन मुलीला आणखी चार असं केलं की प्रिसेप्टर शिकवत नाही, पळते, आणि मुलगी तिच्या मागं पळते.

प्रिसेप्टर कोण? पहिल्या वर्षी मी सरळ सगळ्यात सिनियर सिस्टर्स घेतल्या, आणि पस्तावले. वीस वर्षं काम केलेल्या सिस्टरचा हात इतका बसलेला असतो की आपण काय बघून काय ठरवलं हे तिला स्वतःलाच सांगता येत नाही, ती म्हणते "अगं कळतंच की ते". आता मी त्याच वॉर्डात तीन ते सहा वर्षं झालेल्या घेते, ज्यांना स्वतःचं घाबरणं अजून आठवतंय. इन्चार्ज सिस्टरला घेत नाही, कारण जी तुमची सुट्टी मंजूर करते तिच्यासमोर "मला येत नाही" म्हणायला कोण धजावेल. निवडलेल्या प्रिसेप्टरना दोन दिवसांचं ट्रेनिंग देते, आणि त्यातला निम्मा वेळ एकाच गोष्टीवर जातो: समोरचीच्या हातातून काम काढून घ्यायचं नाही. कॅन्युला लावताना तिचा हात थरथरतोय, नातेवाईक बघतायत, तुम्हाला ते दहा सेकंदात जमतं, तरी थांबायचं.

एक उदाहरण मी सगळ्या बॅचना सांगते.

(सलाईन स्टँड. थेंब पडतायत.)

पाचवा आठवडा. जुलाब-उलट्यांचा पेशंट, पन्नासेक किलो वजनाचे आजोबा, पोटॅशियम कमी आलेलं. ऑर्डर होती 500 एमएल नॉर्मल सलाईनमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराईड, चार तासांत. मुलगी हुशार होती, हिशोब फटकन केला: 500 भागिले 4, तासाला 125 एमएल, सलाईनचा सेट एमएलला 20 थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. अँप्यूल 15 टक्क्यांचं 10 एमएल, त्यात बरोबर 20 मिलीइक्विव्हॅलंट. बरोबर का? बरोबर. पोटॅशियम सरळ शिरेत कधीच द्यायचं नाही, हृदय थांबू शकतं, हेही तिनं न विचारता सांगितलं. अँप्यूल कुलुपातल्या कपाटातून दोघींनी तपासून काढलं. पेपरात दहापैकी दहा.

मग ती निघाली लटकत असलेल्या बाटलीत ते सोडायला. प्रिसेप्टर म्हणाली, बाटली खाली काढ. का? कारण पोटॅशियमचं पाणी जड असतं, लटकत्या बाटलीत सोडलं तर ते तळाशी, म्हणजे नेमकं सेटच्या तोंडाशी बसतं, आणि चार तासांत जायचं औषध पहिल्या काही मिनिटांतच जाऊ शकतं. क्लॅम्प बंद करायचा, बाटली काढायची, औषध घालायचं, पाच-सहा वेळा उलटी-सुलटी करायची, मग लेबल लावून परत टांगायची. पुस्तकात ही ओळ असते हो, पण अशी की परीक्षेला कोणी विचारत नाही.

पण माझ्या लेखी महत्त्वाचं पुढंच आहे. बाटली तयार झाली, मुलगी जोडणार, तेवढ्यात प्रिसेप्टरनं फक्त एवढं विचारलं, "आजोबांना रात्रीपासून लघवी किती झाली?" मुलीनं फाईल काढली. रात्री आठपासून सकाळी दहापर्यंत 120 एमएल. चौदा तासांत. पन्नास किलोच्या माणसाला तासाला निदान 25 तरी हवी, म्हणजे साडेतीनशे. पोटॅशियम बाहेर टाकतात किडन्या, आणि किडन्याच नीट चालत नसतील तर आपण आत घातलेलं जाणार कुठं? तिनंच डॉक्टरांना फोन लावला, प्रिसेप्टर शेजारी उभी राहिली पण बोलली नाही. डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत पाठवायला सांगितलं, आधी नुसतं सलाईन.

प्रिसेप्टरनं उत्तर सांगितलं असतं तर दहा सेकंद वाचले असते. तिनं प्रश्न विचारला. आता ती मुलगी पोटॅशियमची ऑर्डर दिसली की आधी लघवीचा आकडा बघते, हे मी स्वतः बघितलंय.

(टेबलावर उघडी वही. रकाने.)

ही चेकलिस्ट. आधी आमच्याकडं नुसती बरोबरची खूण असायची आणि शेवटच्या दिवशी एका पेननं, एका दमात, पन्नास खुणा केलेल्या सापडायच्या. आता प्रत्येक कामाला तीन रकाने आहेत: बघितलं, मदतीनं केलं, एकटीनं केलं. तारीख आणि बेड नंबर घातल्याशिवाय खूण चालत नाही. आजोबांच्या दिवशी पोटॅशियमसमोर "मदतीनं केलं" असं पडलं, हिशोब पूर्ण बरोबर असूनही. ती जरा नाराज झाली होती.

शुक्रवारी आम्ही तिघी, मी, प्रिसेप्टर आणि मुलगी, वीस मिनिटं बसतो. चहा माझ्याकडून. तिथं मी कोण किती शिकलं यापेक्षा काही खुणा शोधत असते. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान बहुतेक मुली एकदा खाली जातात, सुरुवातीचा उत्साह गेलेला असतो आणि हात अजून बसलेला नसतो. जी रडते तिची मला काळजी वाटत नाही. जी प्रश्न विचारायचं बंद करते तिची वाटते. जी दोनला ड्युटी संपल्यावर साडेतीनपर्यंत फाईली लिहीत बसते तिची वाटते. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे चार्ट: सातही पेशंटचा श्वास 20, 20, 20. कुठल्याही वॉर्डात सात माणसं एका तालात श्वास घेत नाहीत, म्हणजे मोजलेलं नाही, आणि मोजलेलं नाही कारण वेळ पुरला नाही. तेव्हा रागवायचं नाही, तिचे पेशंट पाचवर आणायचे, एक आठवडा.

आता त्या पेन्सिलकडं परत. मेट्रन मॅडम वाईट नाहीत, त्यांचं गणितच अवघड आहे. पावसाळ्यात सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बातम्यांत यायला लागली की आमच्या ड्युटी लिस्टला घाम फुटतो, पलीकडच्या सिस्टर येऊ शकत नाहीत, आणि मॅडमचा फोन येतो, "अगं तुझी ती पेन्सिलवाली घेऊ का आज?" माझी मागणी होती पूर्ण बारा आठवडे पेन्सिल, त्यांची होती चार. शेवटी असं ठरलं, आठ आठवडे अजिबात मोजायचं नाही. नवव्यापासून सकाळच्या ड्युटीत मोजा, पण संध्याकाळ आणि नाईटला नाही, तिथं ती चौथी किंवा तिसरी म्हणूनच असणार, कारण रात्री डॉक्टर लांब असतात आणि विचारायला माणूस कमी. आणि अगदीच अडचणीत आधी घेतलंच तर मॅडमनी एका वहीत सही करायची, आणि जेवढे दिवस घेतलं तेवढे दिवस तिचा प्रोग्रॅम पुढं सरकणार. ही वही आली आणि फोन कमी झाले. सही करायला लागली की अडचण जरा लहान दिसते, असो.

प्रिसेप्टर आजारी पडली तर? पहिल्या बॅचला एका मुलीला एका महिन्यात पाच वेगवेगळ्या सिस्टर मिळाल्या, आणि हिला काय येतं हे पाचातल्या एकीलाही माहीत नव्हतं. प्रत्येकीनं तिला बीपी घेऊन दाखवायला सांगितलं म्हणे. आता दोन मुलींमागं एक राखीव प्रिसेप्टर आहे, आणि ती मुलीच्या चेकलिस्टची वही वाचूनच ड्युटी सुरू करते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. प्रिसेप्टरला या कामाचा भत्ता मिळत नाही. महिन्याला एक जादा ऑफ मिळतो, तोही स्टाफ असेल तर. मागच्या बॅचनंतर दोघी म्हणाल्या, मॅडम, पुढच्या वेळी आमचं नाव नको. आणि आयसीयूला जाणाऱ्या मुलींना हे तीन महिने पुरत नाहीत, त्यांना व्हेंटिलेटरपाशी नव्यानं प्रिसेप्टर लागते, ते आम्ही अजून नीट लिहूनही काढलेलं नाही.

(रात्रीचे नऊ. वॉर्डचे अर्धे दिवे बंद.)

तेरावा आठवडा. आजोबांवाली मुलगी आज दोनातली एक आहे. पंधरा पेशंट. बॅचमधली दुसरी अजून पेन्सिलमध्ये आहे, तिचे चार आठवडे वाढवलेत, इन्सुलिनचा रकाना अजून "मदतीनं" वर आहे आणि तिनं स्वतःच सांगितलं की घाई नको.

सात नंबरच्या नातेवाईक बाई दारातून हाक मारतात, "ओ सिस्टर, सलाईन संपत आलंय बघा की." ती जाते, सलाईनकडं बघते, मग खाली वाकून लघवीच्या पिशवीकडं बघते, खिशातून पेन काढते.