मातीची कमान: भरावाच्या पोटात काय घडतं?

[दृश्य: काचेची पेटी, जवळून. वाळूत गुलाबी आडव्या रेघा.]

ही पेटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनली. तीन बाजूंना पत्रा, समोर जाड काच. आत भरलीय फाउंड्रीत वापरतात ती कोरडी वाळू, आणि दर दोन सेंटिमीटरला जोतिबाच्या गुलालाची एक रेघ. तळाशी चार सेंटिमीटर रुंदीचे लाकडी ठोकळे आहेत. दोन ठोकळ्यांमध्ये सहा सेंटिमीटरची फट, आणि प्रत्येक फटीत खाली-वर होणारी फळी.

ठोकळे म्हणजे पाइल कॅप: जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या, म्हणजे पाइलांच्या, डोक्यावरचे काँक्रीटचे चौथरे. फळ्या म्हणजे पंचगंगेच्या काठची मऊ काळी माती. वरची वाळू म्हणजे पुलाला जोडणारा रस्त्याचा भराव.

[दृश्य: मिस्त्रींचा हात स्क्रूवर. मूळ आवाज ठेवावा.]

“सोडू काय सर?”
“सोडा मामा. हळूहळू, अर्धाच आटा.”

आता काचेकडे बघा. फळ्या जेमतेम तीन मिलिमीटर खाली गेल्यात. फळीच्या लगेच वरची रेघ खचली, त्यावरचीही वाकली, पण तिचा बाक कमी आहे. आणखी वर तो आणखी कमी होत जातो. आठ-नऊ सेंटिमीटरच्या वर गेलं, की रेघ पुन्हा सरळ. पाणसळ लावून बघा, पृष्ठभाग जवळपास होता तसाच आहे.

मधल्या ठोकळ्याखाली वजनकाटा बसवलाय. फळ्या उतरण्याआधी तो दीड किलो दाखवत होता. आता पावणेतीन. पेटीत वाळूचा एक कणही वाढलेला नाही. फळीवरची वाळू खाली सरकू लागली, तेव्हा शेजारच्या स्थिर वाळूने तिला घर्षणाने धरून ठेवलं आणि तिचं ओझं दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांवर टाकलं. हीच मातीची कमान. तिला ना चुना, ना सिमेंट. ती उभी राहते कणाला कण घासल्यामुळे, आणि उभी राहण्यासाठी खालची जमीन थोडी खचावीच लागते. जमीन हललीच नाही, तर कमान जागी होत नाही.

मृदा अभियंते कार्ल टर्झाघी यांनी १९३६ साली वाळूखालची झडप खाली सरकवून हा परिणाम मोजला. १९८८ मध्ये ह्युलेट आणि रँडॉल्फ यांनी पाइलांवरच्या भरावासाठी तो घुमटाच्या रूपात मांडला. चार कॅपांवर टेकलेला एक अर्धगोल घुमट, त्याला लागून दुसरा. त्यांनी सांगितलं, की घुमट दोनच जागी हार खातो: माथ्यावर, नाहीतर कॅपवर टेकतो त्या पायाशी.

[दृश्य: तीच पेटी, वाळू फक्त चार सेंटिमीटर.]

आता वाळू काढून चारच सेंटिमीटर ठेवली. मामांनी पुन्हा तेवढाच स्क्रू फिरवला. ह्या वेळी सगळ्या रेघा वाकल्या, वरचीसुद्धा. पृष्ठभागावर ठोकळ्याच्या जागी उंचवटा, फटीच्या जागी खळगा. कमानीला उभं राहायला उंचीच मिळाली नाही.

किती उंची लागते? बीएस ८००६ ह्या ब्रिटिश मानकात ठोकताळा आहे: दोन कॅपांमधली मोकळी जागा गुणिले १.४. तेवढा भराव असेल, तर कमान पूर्ण बनते. आपल्या पेटीत सहा गुणिले १.४, म्हणजे ८.४ सेंटिमीटर. रेघ सरळ झाली ती साधारण तिथेच.

[दृश्य: फळ्यावर खडूने आकृती.]

आता खऱ्या मापाचा हिशेब. भराव चार मीटर. कॅप एक मीटर चौरस, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर अडीच मीटर. मोकळी जागा दीड मीटर, कमानीची उंची २.१ मीटर. भराव त्याहून उंच, म्हणजे कमान बनणार. एका कॅपच्या वाट्याला येणाऱ्या चौकोनात भरावाचं वजन सुमारे ५० टन. कॅप त्या चौकोनाचा जेमतेम १६ टक्के भाग व्यापते. तरी त्याच मानकाच्या सूत्राने तिच्यावर थेट येतात जवळपास २९ टन.

उरलेलं ओझं कमानीच्या पोटातलं. ते मऊ मातीवर सोडायचं नसेल, तर मध्ये काहीतरी हवं. ते काम लोड ट्रान्सफर प्लॅटफॉर्मचं, म्हणजे कॅपांवरच्या खडी आणि जाळीच्या थराचं.

[दृश्य: कॉलेजच्या मागचं पटांगण. चार खऱ्या मापाच्या कॅप. जिओग्रिडची गुंडाळी उलगडताना.]

ह्या थराकडे सगळ्यांनी थांबून बघावं असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण कागदावर तो दोन ओळींत उरकतो आणि जागेवर ‘साधा भराव’ म्हणून धरला जातो.

आधी कॅपच्या कडा बघा. त्या मुद्दाम गोलसर केल्यात. त्यावर दहा सेंटिमीटर बारीक खडी, मग जिओग्रिड, म्हणजे प्लॅस्टिकची जाळी. जाळी थेट काँक्रीटच्या धारेवर टेकली, तर नेमकी जिथे सगळ्यात जास्त ताणली जाते, तिथेच ती कापली जाते.

जाळी बाजेच्या नवारीसारखी काम करते: थोडी झोळ खाते आणि ओझं कडेच्या कॅपांकडे ओढून नेते. आपल्या हिशेबात, जाळी सहा टक्के ताणली जाईल असं धरलं, तर दर मीटर रुंदीला सुमारे पावणेआठ टन ओढ येते. प्लॅस्टिकची जाळी वर्षानुवर्षांच्या ओझ्याने सैलावते आणि खडीने खरचटते. म्हणून कॅटलॉगमधला आकडा ह्याच्या दुपटीहून मोठा लागू शकतो. एका दिशेने मजबूत असलेली जाळी असेल, तर दुसरा थर तिला काटकोनात.

[दृश्य: खडी हातात, जवळून.]

ही खडी. मोठी, मध्यम, बारीक अशी मिसळ, आणि प्रत्येक दगडाला धार. दाबली, की एकमेकांत अडकते. इथे मातकट मुरूम आला, तर कण घासण्याऐवजी घसरतात. ओला झाला, की आणखी. मग कमान चपटी होते, माथा ढासळतो आणि जास्तीचा भार जाळीवर येतो. ओळखायची सोपी खूण: मूठभर खडी पाण्याने ओली करून दाबा. हाताला चिखल लागला, तर तो ट्रक परत पाठवा.

थर पंधरा-वीस सेंटिमीटरचे, प्रत्येकावर रोलर. पहिला थर पडेपर्यंत जाळीवर डंपरचं चाक नको.

आणि काळी माती. ती उन्हाळ्यात आकसते, तेव्हा जाळीखाली पोकळी राहू शकते. म्हणून हिशेबात खालच्या मातीचा आधार शून्य धरावा. हे महाग पडतं. तरी पुराचं पाणी येणाऱ्या भागात आम्ही ह्याच बाजूचे आहोत.

[दृश्य: रस्त्याचा उतार, पावसानंतर.]

उताराच्या टोकाला भराव १.२ मीटरच उरतो. तिथे अडीच मीटरची रचना तशीच पुढे नेली, तर पूर्ण कमानीला उंची पुरत नाही. खचलेल्या अशा रस्त्यावर पावसानंतर ठरावीक अंतरावर डबकी दिसतात. टेप लावा. अंतर पाइलांच्या अंतराएवढं निघालं, तर खाली काय झालंय ते कळलं. गाड्या आदळतात, डांबर फुटतं, दुरुस्तीला पुन्हा टेंडर.

उपाय फळ्यावर आहे. कॅप तीच, अंतर पावणेदोन मीटर. मोकळी जागा पाऊण मीटर, कमानीला लागणारी उंची १.०५ मीटर. १.२ मीटरच्या भरावात ती मावते. चार-दोन ओळी पाइल वाढतील, आणि त्या आराखड्यातच वाढवाव्या लागतात. भराव झाल्यावर ते करता येत नाही.