नवा प्रेशर कुकर बाजारात येण्यापूर्वीचे दहा दिवस

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीच्या तोंडावर भांड्यांच्या बाजारात नवी मालिका उतरवणाऱ्या उत्पादकांसाठी आणि त्यांची जाहिरात सांभाळणाऱ्यांसाठी आजचे हे भाषण आहे. विषय आहे अनावरणाआधी रोज एक आकडा कमी करत दहापासून एकपर्यंत चालणाऱ्या उलटगणतीच्या जाहिरात मोहिमेचा. आपण उदाहरण म्हणून पश्चिम महाराष्ट्रात विक्री करणारी एक मध्यम आकाराची कंपनी समोर ठेवू. तिने तीन थरांच्या स्टीलचे, इंडक्शनवर चालणारे, दोन, तीन आणि पाच लिटरचे प्रेशर कुकर तयार केले आहेत, आणि शिटीतून उडणारे डाळीचे पाणी ओट्यावर न सांडता झाकणावरच साठावे म्हणून त्यांचे झाकण खोलगट ठेवले आहे.

पहिला निर्णय दिवसाचा. धनत्रयोदशीला भांडे घेण्याची प्रथा असल्यामुळे अनावरण त्याच दिवशी करावे असे सहज वाटते, पण माझ्या मते ते चुकते. त्या दिवशी दुकानात इतकी गर्दी असते की नवे झाकण कसे बसते हे दाखवायला कोणाला सवड नसते, आणि गिऱ्हाईक घरून ठरवून आलेलेच भांडे उचलते. म्हणून अनावरण वसुबारसेला करावे, म्हणजे पाहायला एक संध्याकाळ आणि खरेदीला दुसरा दिवस मिळतो. तेथून दहा दिवस मागे मोजले की मोहिमेची सुरुवात साधारण कोजागिरीनंतर दोनएक दिवसांनी येते.

मात्र पहिली जाहिरात वाजण्याआधी दोन गोष्टी हातात असल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे प्रमाणपत्र. घरगुती प्रेशर कुकरला फेब्रुवारी 2021 पासून भारतीय मानक 2347 नुसार आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि जुन्या मालाचा परवाना आहे म्हणून नव्या मालिकेलाही तो आपोआप लागू होतो असे धरून चालता येत नाही. नव्या प्रकारांचा आणि आकारांचा परवान्यात समावेश झाल्याचे कागद येईपर्यंत तारीख जाहीर करू नये, कारण उलटगणती एकदा सुरू झाली की ती थांबवता येत नाही. दुसरी गोष्ट दुकानदारांकडच्या जुन्या मालाची. नवे काहीतरी येत आहे हे कळताच गिऱ्हाईक जुना कुकर घेणे थांबवते, आणि दसऱ्यासाठी माल भरून बसलेला दुकानदार अडचणीत येतो. त्याला ही बातमी आपल्या जाहिरातीतून कळली तर तो नवा कुकर मागच्या फळीवर ठेवील. म्हणून किमान पंधरवडाभर आधी त्याला विश्वासात घ्यावे आणि जुन्या मालावर वेगळी सवलत ठरवून द्यावी.

आता प्रत्यक्ष दहा दिवसांकडे वळू. पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे दहा, नऊ आणि आठ या आकड्यांना, वस्तू दाखवायची नाही; दाखवायची ती अडचण. डाळ शिजली, शिटी झाली आणि ओटा, शेगडी, झाकण सगळे पिवळे झाले, हे दृश्य प्रत्येक स्वयंपाकघराच्या ओळखीचे आहे. तेवढे दाखवावे आणि खाली आकडा व कंपनीचे नाव लिहावे. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची वाटते. उत्कंठेसाठी काळोखी पार्श्वभूमी, घड्याळाची टिकटिक आणि उसळणारी वाफ वापरण्याचा मोह होतो. मोबाइलच्या जाहिरातीत ते चालते, पण कुकरच्या बाबतीत तो फुटण्याची भीती घरोघरी आधीपासून असते, आणि टिकटिक व वाफ एकत्र आली की नेमकी तीच भीती जागी होते. तेव्हा चित्र उजेडातले, दिवसाच्या स्वयंपाकघरातले असावे. आकार लपवावा, रंग लपवावा, किंमत लपवावी. सुरक्षितता मात्र एक दिवसही गूढ ठेवू नये.

आकाशवाणीवर किंवा एफएमवर दहा सेकंदांची जाहिरात करताना अशी कल्पना हमखास सुचते की दहाव्या दिवशी दहा शिट्ट्या वाजवाव्यात आणि रोज एक कमी करावी. ती करू नये. दहा शिट्ट्या दहा सेकंदांत बसत नाहीत, आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती शिट्ट्या मोजूनच गॅस बंद करत असल्यामुळे दहा शिट्ट्या ऐकल्यावर तिच्या मनात डाळ करपल्याचा विचार येतो. एकच शिटी द्यावी आणि तिच्या पाठोपाठ लगेच माणसाचा आवाज यावा, नाहीतर सकाळच्या वेळी ऐकणारे आपल्याच शेगडीकडे धावतील आणि दुसऱ्या दिवसापासून वैतागतील.

सातपासून चारपर्यंतचे दिवस वस्तू थोडी थोडी उघड करण्याचे. एका दिवशी खोलगट झाकण, दुसऱ्या दिवशी तीन थरांचा तळ, मग सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रबरी रिंग. दाव्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. ‘कधीच फुटणार नाही’ असे कोणत्याही कुकरविषयी म्हणता येत नाही, कारण रिंग झिजते आणि वाफेची नळी डाळीच्या सालांनी तुंबते. ‘इतका गॅस वाचतो’ असे म्हणायचे असेल तर चाचणीचा अहवाल जवळ असावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी 2022 पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. याच टप्प्यात एखाद्या गोदामातून खोक्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. तसे झाल्यास नाकारत बसू नये. त्या भागाची तयार ठेवलेली जाहिरात त्याच दिवशी पुढे आणावी.

मोहीम लागू पडते आहे की नाही, हे पसंतीच्या आकड्यांवरून कळत नाही. आठ-दहा दुकानदारांना सांगावे की गिऱ्हाईक काय विचारते ते वहीत लिहून ठेवा. सहाव्या आकड्यापर्यंत लोक ‘हा मिक्सर आहे का’ असे विचारत असतील तर गूढ जास्त झाले आहे, आणि झाकण एक दिवस आधीच पूर्ण दाखवावे. ‘किती लिटरचा आहे’ असे विचारत असतील तर सारे ठीक चालले आहे.

शेवटच्या तीन दिवसांत उत्कंठा संपवून व्यवहाराचे बोलावे. तिसऱ्या आकड्याला माप समजावून सांगावे, कारण बहुतेक तक्रारी चुकीच्या मापातून येतात. कुकर दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये, आणि फुगणाऱ्या किंवा फेस येणाऱ्या पदार्थांसाठी, म्हणजे डाळ-भातासाठी, निम्माच भरावा. म्हणजे तीन लिटरच्या कुकरमध्ये डाळ पाण्यासकट दीड लिटरच शिजते. हे ऐकल्यावर पाच माणसांच्या घरातील गिऱ्हाईक आपणहून पाच लिटरचा मागते. दुसऱ्या आकड्याला किंमत आणि जुना कुकर देऊन मिळणारी सवलत सांगावी. एकच्या दिवशी दुकानांची नावे सांगावीत, पण ज्या दुकानांत कुकरबरोबर त्याच मापाच्या रबरी रिंग आणि शिट्ट्याही पोहोचल्या आहेत, तेवढीच. सुटे भाग मिळत नाहीत हे विक्रेत्याने एकदा गिऱ्हाईकाला सांगितले की ते पुन्हा ओळखीच्या जुन्या कंपनीकडे वळते.

वसुबारसेच्या सकाळी एक काम आठवणीने करावे. उलटगणतीच्या सर्व जाहिराती रेडिओ केंद्राकडून, फलकांवरून आणि दुकानांच्या पडद्यांवरून उतरवल्या आहेत याची प्रत्येक ठिकाणी फोन करून खात्री करावी, आणि त्यासाठी कोणती जाहिरात कोणत्या दिवशी बंद होईल याचा तक्ता केंद्राला पहिल्याच दिवशी लेखी दिलेला असावा. माल दुकानात आल्यावरही ‘आता फक्त दोन दिवस’ असे ऐकू आले, तर गिऱ्हाईक धनत्रयोदशीला दुसरे भांडे घेऊन मोकळे होते. नमस्कार.