स्टेबलफोर्ड खेळताना बॉल नेमका कधी उचलायचा

मंडळी, गोल्फमधल्या स्टेबलफोर्ड या मोजणीच्या पद्धतीबद्दल बोलायला उभा राहिलो की लोकांना वाटतं हा आता पॉइंट्सचा तक्ता वाचून दाखवणार. तो तक्ता एका मिनिटात संपतो, तर आधी तो उरकून टाकू. पार, म्हणजे होलला ठरवून दिलेल्या स्ट्रोकना २ पॉइंट, बोगीला, म्हणजे एक जास्त लागला तर १, एक कमी म्हणजे बर्डीला ३, दोन कमी म्हणजे ईगलला ४, तीन कमी म्हणजे अल्बाट्रॉस पडलाच तर ५, आणि डबल बोगी, म्हणजे दोन जास्त, किंवा त्याच्यापेक्षा वाईट काहीही झालं तर शून्य. शून्याच्या खाली काही नाही. अठरा होलचे पॉइंट जोडायचे, ज्याचे जास्त तो जिंकला. नेहमीच्या मोजणीत कमी स्ट्रोकवाला जिंकतो, इथे उलटं आहे, बस.

पण या सगळ्याचा जीव कुठे आहे म्हणाल तर तो बर्डीच्या ३ पॉइंटमध्ये नाही, त्या शून्यात आहे. चौघं मित्र खेळायला जातात, कोणी दहाचा हँडिकॅपवाला, म्हणजे त्याच्या कुवतीप्रमाणे दहा स्ट्रोकची सूट मिळणारा, कोणी बावीसचा, एखादा तर नुकताच शिकलेला, आणि नेहमीच्या स्ट्रोक मोजणीत त्या नव्या माणसाचं तिसऱ्या होलला अकरा झालं की त्याचा दिवस तिथेच संपतो, उरलेले पंधरा होल तो नुसता चालत असतो. स्टेबलफोर्डमध्ये अकरा झालं काय आणि पंधरा झालं काय, शून्य ते शून्य, आणि पुढच्या टीवर, म्हणजे पुढचा होल जिथून सुरू होतो तिथे, तो परत सगळ्यांच्या बरोबरीने उभा.

ही पद्धत काढली फ्रँक स्टेबलफोर्ड या सर्जन माणसाने. पहिला प्रयोग त्यांनी १८९८ साली वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनशायर क्लबात केला होता, पण आज आपण खेळतो तशी पहिली स्पर्धा झाली ती १६ मे १९३२ला, इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात. समुद्राकाठचा कोर्स, वारा समोरून, सुरुवातीच्याच एकदोन होलला लोकांचं कार्ड फाटायचं, मग उरलेला राउंड खेळण्यात काय राम? त्यावरचा हा इलाज.

आता मुद्द्याचं. पॉइंट मोजायचे ते नेट स्कोअरवर, म्हणजे तुमच्या हँडिकॅपचे स्ट्रोक वजा करून, आणि ते शेवटी एकदम वजा करायचे नाहीत, होलनुसार वाटायचे. कार्डवर प्रत्येक होलसमोर स्ट्रोक इंडेक्स छापलेला असतो, १ ते १८. ढोबळ मानाने जिथे स्ट्रोकची जास्त गरज तो १, जिथे सगळ्यात कमी तो १८. हँडिकॅप १० असेल तर इंडेक्स १ ते १० च्या होलना एकेक स्ट्रोक मिळतो, बाकीच्यांना काही नाही. हँडिकॅप २२ असेल तर अठराही होलना एकेक, आणि उरलेले चार इंडेक्स १ ते ४ ला आणखी एकेक, म्हणजे तिथे दोन-दोन. पहिल्या टीवर जायच्या आधी पेन काढा आणि ज्या होलला स्ट्रोक मिळतो तिथे कार्डावर ठिपका द्या, दोन मिळत असतील तर दोन ठिपके. हे पाच मिनिटांचं काम जे करत नाहीत त्यांची अर्धी भांडणं पंधराव्या होलला होतात.

ठिपके दिले की प्रत्येक टीवर मनात एकच आकडा काढायचा: होलचा पार, अधिक माझे ठिपके, अधिक एक. हा झाला तुमचा शेवटचा कामाचा स्कोअर, इतक्यात बॉल पडला तर १ पॉइंट, त्याच्या पुढे शून्य. पार ४, एक ठिपका, म्हणजे ६. सहा स्ट्रोक मारून झाले आणि बॉल अजून बाहेरच आहे, तर उचला, खिशात टाका, चला. सातवा मारून काही मिळणार नाहीये आणि मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा आहे.

चार होल घेऊन बघू म्हणजे नीट बसेल डोक्यात. एकाचा हँडिकॅप १०, त्याला दहावाला म्हणू, दुसरा बावीसवाला.

पहिला होल पार ४, इंडेक्स ७. दोघांनाही एकेक स्ट्रोक. दहावाल्याने ५ मारले, नेट ४, पार, २ पॉइंट. बावीसवाल्याने ६, नेट ५, बोगी, १ पॉइंट.

दुसरा होल पार ५, इंडेक्स ३. दहावाल्याला एक, बावीसवाल्याला दोन. दहावाल्याने मस्त ५ मारले, नेट ४, बर्डी, ३ पॉइंट. बावीसवाल्याचा टी शॉट आउट ऑफ बाउंड्स, एक स्ट्रोक दंडाचा धरून परत टीवरून मारला तो तिसरा, तोही बाहेर, मग पाचवा मारला तो एकदाचा आत राहिला, पण रफमध्ये, सहावा कसाबसा फेअरवेवर, सातवा पुढे, आठवा ग्रीनशेजारच्या बंकरमध्ये. आता त्याचा आकडा किती? पार ५ अधिक दोन ठिपके अधिक एक, म्हणजे ८. आठ झालेत, बॉल वाळूत आहे, नववा थेट होलमध्ये पडला तरी शून्यच. त्याने बॉल उचलला, बंकर रेक केला, शून्य.

तिसरा होल पार ३, इंडेक्स १५. इथे दहावाल्याला काहीच नाही, बावीसवाल्याला एक. दहावाल्याचे ४, बोगी, १ पॉइंट. बावीसवाल्याने पहिल्याच शॉटला ग्रीनवर टाकला, मग होलकडे ढकलायचे हलके फटके, म्हणजे पट, ते दोन लागले, ३ झाले, नेट २, बर्डी, ३ पॉइंट.

चौथा पार ४, इंडेक्स १, कोर्सवरचा सगळ्यात अवघड. दहावाल्याला एक, त्याने ६ घेतले, नेट ५, १ पॉइंट. बावीसवाल्याला दोन, त्याने ५ घेतले, नेट ३, ३ पॉइंट.

जोडा आता. दहावाला २, ३, १, १ म्हणजे ७. बावीसवाला १, ०, ३, ३ म्हणजे तोही ७. बरोबरी! हेच नेट स्ट्रोकवर मोजलं असतं, आणि समजा बावीसवाला त्या बंकरमधून झगडत झगडत १२ला बाहेर पडला असता, तर त्याचे एकूण २६, वजा सहा, नेट २०, आणि दहावाल्याचे २० वजा तीन, नेट १७. म्हणजे एका होलमुळे तीन स्ट्रोक मागे, बाकी तीन होल कितीही चांगले खेळला तरी.

उचलण्यात एक चूक मात्र फार होते, आणि ती बहुतेक वेळा जास्त हँडिकॅपवालेच करतात. बाकीच्यांनी ४ आणि ५ मारलेत, आपले सहा झालेत, दोन-तीन फुटांचा पट राहिलाय, तर लाजेने बॉल उचलून टाकतात. अहो, होल पार ४ असेल आणि तिथे तुमचे दोन ठिपके असतील तर तुमचा आकडा ७ आहे, तो पट पॉइंटचा आहे! दुसऱ्याचा स्कोअर बघून कधी उचलू नका, स्वतःचा आकडा बघूनच उचला. आणि "अरे तो दिलाच तुला" हे सुद्धा इथे नियमात बसत नाही, कारण स्टेबलफोर्ड हा स्ट्रोक प्लेचाच प्रकार आहे, पॉइंट हवा तर बॉल होलमध्ये पडलाच पाहिजे. मित्रामित्रांत छोटे पट द्यायचे असतील तर जरूर द्या, पण पहिल्या टीवर ठरवून, आणि तो स्कोअर हँडिकॅपसाठी टाकू नका.

हँडिकॅपचं निघालंच आहे तर सांगतो, बॉल उचलला म्हणून राउंड वाया जात नाही. २०२० पासून आलेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये कुठल्याही होलचा स्कोअर हँडिकॅपसाठी जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरतात, आणि स्टेबलफोर्डचं शून्य सुरू होतं तेही बरोबर नेट डबल बोगीलाच. दोन्ही एकाच जागी येतात, म्हणून उचललेल्या होलसमोर कार्डावर सरळ रेघ मारा, मनाने ८ किंवा ९ लिहू नका. बाकी होलना खरे मारलेले स्ट्रोक लिहायचे, पॉइंट शेजारच्या कॉलममध्ये. नुसतेच पॉइंट लिहिले आणि नंतर ठिपक्यांवरून वाद झाला तर तपासणार कशावरून?

खेळण्यातही फरक पडतो, आणि इथे लोक घाई करतात असं माझं मत आहे. त्यांना वाटतं खाली शून्याचं जाळं आहे तर प्रत्येक होलला ड्रायव्हर फिरवा, पाण्यावरून मारा. पाण्यावरून मारताना जास्तीत जास्त जातील ते दोन पॉइंट, हे खरं, आणि एक ठिपकाही नसलेल्या पार ५ वर दहावाल्याने तसं केलं तर मी समजू शकतो. पण बावीसवाल्याला इंडेक्स १ च्या पार ४ वर सहा स्ट्रोकला सुद्धा २ पॉइंट मिळतायत! तो होल त्याच्यासाठी पार ६ आहे. तीन साधे सरळ शॉट मारून ग्रीनजवळ या, चौथा ग्रीनवर, दोन पट, २ पॉइंट घरात, आणि एखादा पट पडला तर ३. तिथे ड्रायव्हरने झाडीत जाऊन शून्य घेणं म्हणजे हातात आलेलं सोडणं.

टीव्हीवर प्रोफेशनल लोकांची जी मॉडिफाइड स्टेबलफोर्ड दिसायची, बॅराकुडा चॅम्पियनशिपमध्ये असायची ती, तिचा आपल्या ग्रुपशी संबंध नाही. तिथे ईगलला ५, बर्डीला २, पारला शून्य, बोगीला उणे १ आणि डबल बोगीपासून पुढे उणे ३. प्रत्येक होलला बर्डी शोधणाऱ्यांसाठी ते ठीक, आपण ते घेतलं तर नवा माणूस पहिल्या नऊ होलमध्येच उण्यात बुडेल.

किती पॉइंट म्हणजे चांगलं, हे नेहमी विचारतात. दर होलला नेट पार, अठरा दुणे छत्तीस, म्हणजे ३६ ला तुम्ही बरोबर हँडिकॅपप्रमाणे खेळलात. पण हँडिकॅप काढतात तो शेवटच्या वीस राउंडमधल्या सर्वोत्तम आठांवरून, त्यामुळे तुमच्या साध्या दिवशी ३६ पेक्षा कमीच येणार, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. उलट कोणी दर वेळी ४२, ४३ घेऊन येत असेल तर त्याचा हँडिकॅप तपासून घ्या. ज्याला हँडिकॅपच नाही त्याला ५४ द्या, ती कमाल मर्यादा आहे, प्रत्येक होलला तीन ठिपके, म्हणजे पार ४ वर ८ ला सुद्धा त्याला १ पॉइंट. दोन-तीन वेळा खेळून बघा आणि त्याप्रमाणे कमी करा.

आणि शेवटी दोघांचे पॉइंट सारखे झाले तर? मागच्या नऊ होलचे पॉइंट बघायचे, तेही सारखे तर शेवटच्या सहाचे, मग तीनचे, मग अठराव्याचे. हे पण पहिल्या टीवरच बोलून ठेवा.