सपाट होणारी रेषा काय सांगते?

एन्झाइम कायनेटिक्सचं प्रेझेंटेशन संपलं, की विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. मायकेलिस-मेंटेन समीकरण सांगा, केएम म्हणजे काय ते सांगा. उत्तरं पाठ असतात, ती येतात. मीही बरीच वर्षं हेच विचारत होतो. मग एका सेमिनारमध्ये, समीकरण जराही न अडखळता मांडलेल्या एका विद्यार्थिनीला मी पडद्यावरचा आलेख दाखवून विचारलं, 'ही रेषा उजवीकडे सपाट का झाली?' ती म्हणाली, 'सबस्ट्रेट संपत आला म्हणून.' आलेखाच्या आडव्या अक्षावर सबस्ट्रेटचं प्रमाण होतं. म्हणजे जिथे ती बोट ठेवून 'संपला' म्हणत होती, तिथेच तो सगळ्यात जास्त होता.

मुलगी हुशार होती. पण आलेखाकडे बघितल्याशिवाय सुटणारच नाही असा प्रश्न तिला आमच्यापैकी कुणी कधी विचारलाच नव्हता. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलले. त्यातले तीन आज सांगतो.

पहिला प्रश्न याच गोंधळावरचा आहे. एकाच स्लाइडवर दोन आलेख शेजारी शेजारी ठेवा. एकात आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर तयार झालेलं प्रॉडक्ट. दुसऱ्यात आडव्या अक्षावर सबस्ट्रेटचं प्रमाण आणि उभ्या अक्षावर सुरुवातीचा वेग. दोन्ही रेषा झपाट्याने चढतात आणि मग वाकून सपाट होतात, त्यामुळे लांबून त्या सारख्याच दिसतात. शीर्षकं देऊ नका, अक्षांची नावं मात्र द्या. आणि विचारा: 'एन्झाइम दुप्पट केलं, बाकी सगळं तेच ठेवलं, तर दोन्हींत नवी रेषा कशी येईल? काढून दाखवा.'

वेळेच्या आलेखात सुरुवातीचा चढ दुप्पट होतो, पण रेषा थांबते त्याच उंचीवर. सबस्ट्रेट तेवढाच होता, प्रॉडक्टही तेवढंच होणार. फक्त तिथे पोहोचायला निम्मा वेळ लागतो. दुसऱ्या आलेखात सपाट भागाची उंचीच दुप्पट होते. तिथे रेषा सपाट झाली ती सगळे एन्झाइम रेणू कामात गुंतले म्हणून, आणि आता गुंतायला दुप्पट रेणू आहेत. निम्म्या उंचीला लागणारं सबस्ट्रेटचं प्रमाण, म्हणजेच केएम, मात्र जागचं हलत नाही. ज्याला दोन्ही रेषा बरोबर काढता आल्या, त्याला केएमची व्याख्या वेगळी विचारायची गरज मला वाटत नाही.

याला एक पुढचा प्रश्न जोडता येतो, आणि मला तो फार आवडतो. समजा वेळेच्या आलेखात एन्झाइम दुप्पट केल्यावर शेवटची उंचीही वाढलेली दिसली. मग काय झालं असेल? पहिल्या वेळी प्रतिक्रिया थांबली ती सबस्ट्रेट संपून किंवा समतोल येऊन नव्हे, कारण त्या दोन्ही गोष्टी एन्झाइमच्या प्रमाणावर अवलंबून नसतात. एन्झाइमच वाटेत निकामी होत असणार. १९६५ मध्ये सेल्विन यांनी यावरच एक साधी चाचणी सुचवली: आडव्या अक्षावर नुसता वेळ न घेता एन्झाइमचं प्रमाण गुणिले वेळ घ्या. एन्झाइम टिकत असेल तर वेगवेगळ्या प्रमाणांच्या रेषा एकमेकींवर बसतात. बसल्या नाहीत, तर ते मरतंय.

दुसरा प्रश्न सपाटपणा ओळखण्याचा. सबस्ट्रेट ०.५, १, २, ४ आणि ८ मिलिमोलर असताना वेग अनुक्रमे २०, ३३, ५०, ६७ आणि ८० एकक आला. हे बिंदू जोडून दाखवा आणि विचारा, 'कमाल वेग किती?' बहुतेक जण ८० म्हणतात, थोडे सावध असतील ते ८५. मग ८० च्या निम्मे ४० धरून खाली उतरतात आणि केएम १.३ मिलिमोलर सांगतात. खरी उत्तरं आहेत १०० आणि २. चूक शोधायला सूत्र लागत नाही. शेवटच्या दोन बिंदूंकडे बघा: सबस्ट्रेट ४ वरून ८ वर नेल्यावर वेग १३ ने वाढला. जी रेषा अजून चढते आहे ती सपाट कशी? ही रेषा फार आळशीपणे सपाट होते. केएमच्या नऊपट सबस्ट्रेट दिला तरी ती कमाल वेगाच्या ९० टक्क्यांपर्यंतच पोहोचते. डोळा मात्र कागदाच्या कडेलाच रेषेचा शेवट मानतो.

तिसरा प्रश्न इनहिबिटरचा. याच एन्झाइमला एक इनहिबिटर दिला आणि त्याच पाच ठिकाणी वेग आला ७.७, १४, २५, ४० आणि ५७. दोन्ही रेषा एकत्र दाखवा आणि विचारा, 'हा इनहिबिटर सबस्ट्रेटशी जागेसाठी स्पर्धा करतो का?' मुलं दोन रेषांमधलं अंतर बघतात. ते सुरुवातीला १२ आहे, मध्ये २५, मग २७, शेवटी २३. आधी वाढतं, मग जरा कमी होतं. त्यावरून काहीच ठरत नाही. वरची रेषा ८० ला, खालची ५७ ला, म्हणून 'कमाल वेग घटला, म्हणजे स्पर्धा नाही' असं उत्तर येतं.

इथे अंतर नव्हे, गुणोत्तर वाचायचं असतं. पहिल्या बिंदूला इनहिबिटरशिवायचा वेग २.६ पट आहे, दोन मिलिमोलरला दुप्पट, आठला १.४ पट. सबस्ट्रेट वाढेल तशी इनहिबिटरची पकड ढिली होते आहे. निव्वळ कमाल वेग घटवणारा इनहिबिटर असता, तर गुणोत्तर सगळीकडे तेच राहिलं असतं. आणि फक्त सबस्ट्रेट जोडलेल्या एन्झाइमलाच चिकटणारा असता, तर ते एकच्या आसपास सुरू होऊन वाढत गेलं असतं. एक काळजी घ्या: पहिल्या बिंदूचा वेग लहान असतो, त्यातली छोटी चूकही गुणोत्तर बरंच हलवते. कल पाचही बिंदूंत दिसला पाहिजे.

तरी 'स्पर्धा करतो' हे उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही. केएम वाढवणारा आणि कमाल वेगही थोडा घटवणारा मिश्र इनहिबिटर असला, तरी गुणोत्तर असंच उतरतं. म्हणून मी शेवटी विचारतो, 'एकच बिंदू आणखी घ्यायची मुभा आहे. कुठे घ्याल?' काही जण दोन बिंदूंच्या मधली जागा दाखवतात, रेषा नीट यावी म्हणून. घ्यायला हवा तो लांब उजवीकडे, म्हणजे ४० मिलिमोलरला. निव्वळ स्पर्धा असेल तर तिथे वेग ९५ आणि ८७ येतील, गुणोत्तर १.१ च्या जवळ. इनहिबिटरने कमाल वेग १०० वरून ८० वर आणला असेल, तर सबस्ट्रेट कितीही ओता, गुणोत्तर १.२५ च्या खाली जाणार नाही. आणि सबस्ट्रेट ४० मिलिमोलरपर्यंत विरघळतच नसेल, तर या आलेखावरून दोघांतला फरक सांगता येत नाही, हेच बरोबर उत्तर आहे. त्याला मी पूर्ण गुण देतो.